लोकलच्या रोजच्या प्रवासासाठी वायरलेस हेडफोन: आधी कान, मग नॉइज कॅन्सलिंग

दुकानात हेडफोन लावून दोन गाणी ऐकली की जवळजवळ सगळेच चांगले वाटतात. तिथे एसी चालू असतो, मानेवर कुणाची बॅग टेकलेली नसते आणि पाच मिनिटांत आपण ते काढून ठेवतो. बदलापूरहून सीएसएमटीपर्यंत लोकलने सुमारे दीड तास, संध्याकाळी पुन्हा तेवढाच वेळ, पुढे ऑफिसपर्यंत बेस्टची बस आणि हे आठवड्याचे सहा दिवस. एवढ्या वापरात त्या पाच मिनिटांत न कळलेल्या गोष्टीच त्रास देतात. म्हणून इथे मॉडेलांची यादी देत नाही. ती सहा महिन्यांत शिळी होते. निवड कशी करायची ते सांगतो, आणि ज्या क्रमाने करावी त्याच क्रमाने.

आधी आपल्या गाडीचा आवाज ओळखा

बॉक्सवर एएनसी लिहिलेलं असतं, ते खरं नॉइज कॅन्सलिंग. हेडफोनच्या बाहेरच्या अंगाला बारीक माइक असतो, तो बाहेरचा आवाज टिपतो. आतली चिप त्या आवाजाची नेमकी उलटी लहर तयार करून स्पीकरमधून सोडते आणि दोन्ही लहरी कानाशी एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. हे साधायला वेळ फार थोडा असतो. सावकाश लहरींचा, खालच्या पट्टीतला, एकसारखा घुमणारा आवाज असेल तर चिपला ते जमतं. साधारण हजार हर्ट्झच्या वर गेलं की लहरी इतक्या आखूड होतात की उलटी लहर जुळवताना चूक होते. तिथून पुढचं काम कानात घट्ट बसलेलं रबर किंवा कानाभोवतीचं कुशन करतं, चिप नव्हे.

याचा अर्थ लोकलच्या भाषेत असा. मोटरचा घुमारा, चाकांची गडगड, पंख्यांची घरघर एएनसीने खूप कमी होते. समोरच्या सीटवरचं भांडण, डब्यातली भजनी मंडळी, मोटरमनचा हॉर्न, फेरीवाल्याची हाक हे सगळं ऐकू येतंच, फक्त थोडं दूरचं वाटतं. किंबहुना घुमारा गेल्यामुळे माणसांचं बोलणं जास्त स्पष्ट ऐकू आल्यासारखं वाटतं. ‘इतके पैसे घातले आणि शेजाऱ्याचा फोन तर ऐकू येतोय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. हेडफोनमध्ये काही बिघडलेलं नसतं.

एसी लोकलमध्ये दारं बंद असतात, त्यामुळे उरतो तो बराचसा एकसुरी आवाज, म्हणजे एएनसीसाठी आदर्श परिस्थिती. साध्या लोकलमध्ये उघड्या दारांतून आणि खिडक्यांतून सगळ्या पट्ट्यांचा गोंधळ आत येतो. डिझेल बस सिग्नलला उभी असताना जो घरघराट अंगात शिरतो तो एएनसी सुरेख पुसते. इलेक्ट्रिक बसमध्ये तो आवाज मुळातच नसतो. तिथे उरतात हॉर्न, खिडक्यांचा खडखडाट आणि कंडक्टरची घंटी, आणि त्यासाठी एएनसीवर जादा पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

तुमचा प्रवास यात कुठे बसतो याचा अंदाज फोनवरच घेता येतो. अँड्रॉइडवर ‘स्पेक्ट्रॉइड’सारखं फुकट ॲप उघडून गाडी वेगात असताना मिनिटभर पाहा. आलेखाच्या डाव्या बाजूला, पाचशे हर्ट्झच्या आत डोंगर उभा राहिला तर एएनसीचा उपयोग होईल. उजवीकडेही तेवढीच उंची दिसत असेल तर कानात घट्ट बसणं जास्त महत्त्वाचं. फोनचा माइक खालच्या पट्टीतले आवाज थोडे कमीच दाखवतो, हे धरून चाला.

मग डब्यात आपण कुठे असतो ते बघा

हा मुद्दा हेडफोनविषयीच्या लेखांत सहसा नसतो, पण लोकलवाल्यांसाठी निर्णय बहुधा इथेच लागतो. दाराशी उभे राहत असाल तर तुमचा मुख्य शत्रू वारा. बाहेरच्या माइकच्या भोकावर वारा आदळला की माइकला तो मोठा आवाज वाटतो. चिप त्याचीही उलटी लहर काढून कानात सोडते, पण कानापर्यंत तसा आवाज पोचलेलाच नसतो. परिणाम म्हणजे एएनसी चालू केल्यावर फडफड आणि गडगड वाढते. काही हेडफोनांत वाऱ्यासाठी वेगळी सोय असते. ती बाहेरचा माइक बंद करून फक्त आतल्या माइकवर काम चालवते, त्यामुळे परिणाम थोडा घटतो पण फडफड थांबते. दाराशी उभं राहणाऱ्याने ही सोय आहे की नाही ते विचारूनच घ्यावं. खिडकीपाशी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसणाऱ्यालाही हेच लागू.

मधल्या पॅसेजमध्ये उभे असाल तर वारा नाही, पण धक्के आहेत. वरची कडी धरलेल्या शेजाऱ्याचा दंड कानाला लागतो, बॅग खाली उतरवताना पट्टा अडकतो. सुटे इअरबड पडण्याची भीती सर्वांत जास्त चढता-उतरताना असते, आणि फलाट व गाडीच्या फटीतून खाली गेलेला बड गेलाच. त्यासाठी रुळांवर उतरायचं नाही. नेकबँड अजूनही लोकलमध्ये इतके दिसतात त्याला हे कारण आहे. निसटला तरी गळ्यात राहतो, आणि स्टेशन आलं की दोन टोकं चुंबकाने चिकटवून मोकळं होता येतं. शिवाय फोन आतल्या खिशात राहतो. दाराशी हातात फोन धरून उभं राहणं किती महागात पडतं ते लोकलने जाणाऱ्यांना सांगायला नको.

बसायला जागा मिळत असेल तर कानावरून बसणारे मोठे हेडफोन विचारात घ्यावेत, पण तेही एसी गाडीत. त्यांचं वजन साधारण दोनशे ते तीनशे ग्रॅम असतं, आणि कुशन कानाभोवती हवा कोंडून ठेवतं. मुंबईच्या मे महिन्यात साध्या लोकलमध्ये अर्ध्या तासात कानाभोवती घाम साचतो, आणि कृत्रिम चामड्याचं कुशन घामाने आणि दमट हवेने वर्ष-दोन वर्षांत सोलायला लागतं. बदली कुशन बाजारात मिळतं का, हे घेण्याआधी पाहा. पुणे-मुंबई पासधारक डेक्कन क्वीनच्या एसी डब्यात बसून तीन तासांहून जास्त प्रवास करतात, त्यांच्यासाठी मात्र मी डोळे झाकून हाच प्रकार सुचवेन. कानाच्या आत काहीच घालावं लागत नाही, आणि एवढ्या वेळात ते सुख फार मोठं आहे.

कानाच्या पाळीवर टेकणारे छोटे हेडफोन मी कुणालाच सुचवत नाही. ते कानाचं कूर्च डोक्याच्या हाडावर दाबतात, चष्मा असेल तर तासाभरात दुखायला लागतं, आणि बाहेरचा आवाजही नीट अडत नाही.

कानात बसणं: इथे वेळ घालवा

इअरबड असो की नेकबँड, कानाची नळी रबरी टोकाने हवाबंद झाली तरच बाकी सगळं काम करतं. थोडीशी फट राहिली तरी पहिल्यांदा जातो तो खालच्या पट्टीचा आवाज. म्हणजे गाण्यातला ढोलक-बेस पातळ होतो आणि एएनसीचं कामही नेमकं त्याच पट्टीत असल्यामुळे तेही ढिलं पडतं. महागड्या बडचं एएनसी ‘काही खास नाही’ म्हणणाऱ्याचं टोक चुकीच्या मापाचं असण्याची शक्यता मोठी असते.

तपासायची सोपी रीत आहे. बेस भरपूर असलेलं ओळखीचं गाणं लावा आणि बड बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बेस एकदम वाढला तर मूळची बैठक सैल आहे. एक माप मोठं टोक लावा. काहीच फरक पडला नाही तर ठीक. मग तोंड उघडझाप करा, जांभई द्या, मान दोन्हीकडे वळवा. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि फोनवर बोलताना किंवा वडापाव खाताना सील सुटते. दोन्ही कानांना एकच माप लागेल असं नाही. उजव्याला मध्यम आणि डाव्याला लहान लागणारे पुष्कळ लोक आहेत. काही कंपन्यांच्या ॲपमध्ये ही तपासणी करून मिळते, पण ती एका जागी शांत बसून होते, तेव्हा जबड्याची परीक्षा आपणच घ्यावी.

टोक घट्ट बसतं आणि तरी दुखतं, असंही होतं. दुखणं दोन प्रकारचं. कानाच्या नळीत आतून ताण जाणवत असेल तर टोक मोठं आहे. लहान घ्या किंवा फोमचं लावून पाहा. फोम दाबून घातला की आत हळूहळू फुलतो आणि दाब सारखा वाटला जातो. मात्र तो घामाने लवकर खराब होतो आणि काही महिन्यांनी बदलावा लागतो. दुखणं बाहेरच्या खोलगट भागात, एकाच बिंदूवर असेल तर बडचं अंगच तुमच्या कानाला मोठं आहे. तिथे टोक बदलून उपयोग नाही, मॉडेलच बदलायला हवं. लहान कान असलेल्यांना, आणि त्यात स्त्रिया पुष्कळ, हा त्रास नेहमीचा. एक बड चार-सहा ग्रॅमचाच असतो, तेव्हा वजनापेक्षा त्याची जाडी पाहा.

हे दुखणं साधारण अर्ध्या ते पाऊण तासाने सुरू होतं, म्हणूनच दुकानात कळत नाही. घरी आणल्यावर त्याच दिवशी सलग तासभर लावून भाजी निवडा, चाला, काहीही करा. परत करण्याची किंवा बदलून घेण्याची मुदत किती आणि उघडलेला बॉक्स चालतो का, हे बिल करण्याआधी विचारा. कानात घालायच्या वस्तूंना पुष्कळ ठिकाणी फक्त बिघाड असला तरच बदली मिळते.

मोठ्या हेडफोनांत हीच गोष्ट कुशनच्या खोलीची. कानाची उंची मोजा. मोठ्या माणसाची साधारण सहा ते साडेसहा सेंटिमीटर असते. कुशनच्या आतलं भोक त्याहून लहान असेल किंवा कानाचं टोक आतल्या कापडाला टेकत असेल तर तासाभरात तिथे दुखेल. चष्म्याची काडी कुशनखालून जाते आणि तिथे फट पडते. पातळ काडीचा चष्मा आणि मऊ कुशन एवढाच त्यावर इलाज. पकड फार घट्ट वाटली तर डोक्याच्या रुंदीच्या पुस्तकांच्या चवडीवर हेडफोन रात्रभर चढवून ठेवा, थोडी सैल होते. फार ताणू नका, सैल पकडीत एएनसी गळते.

दुकानात एएनसी कशी तपासायची

पहिला सापळा नावाचा. स्वस्त बॉक्सवर ठळक अक्षरांत ईएनसी लिहिलेलं असतं. ते फोनवर बोलताना तुमच्या माइकमधला गोंगाट कमी करतं, म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला. तुमच्या कानाला काडीचा नाही. ‘चार माइकचं नॉइज कॅन्सलेशन’ असं लिहिलेलं असलं तरी एएनसी ही अक्षरं शोधा, नसतील तर सोडून द्या. दुसरा सापळा डेसिबलच्या आकड्याचा. ‘४० डेसिबलपर्यंत’ हा आकडा एखाद्या ठरावीक पट्टीतला सर्वांत चांगला निकाल असतो, सगळ्या आवाजांवरची सरासरी नव्हे. दोन कंपन्यांचे आकडे समोरासमोर ठेवून काही ठरवता येत नाही.

तपासणीसाठी लोकलचा व्हिडिओ फोनच्या स्पीकरवर लावू नका. एवढ्याशा स्पीकरमधून खालची पट्टी निघतच नाही, त्यामुळे सगळीच एएनसी निकामी वाटते. दुकानात मोठे पार्टी स्पीकर असतात. विक्रेत्याला सांगून त्यातल्या एकावर ‘ब्राउन नॉइज’ लावायला लावा. यूट्यूबवर तासन्‌तासांचे असतात आणि गाडीच्या गडगडीशी त्यांचा आवाज बराच जुळतो. मग गाणं न लावता बड कानात घाला आणि एएनसी चालू-बंद करा. गडगड किती उतरते ते ऐका, आणि स्पीकर बंद केल्यावर बडमधून बारीक ‘स्स्स’ येतो का तेही ऐका. थोडा येतोच. शांततेत तो खुपत असेल तर गाडीत चालेल, पण घरी रात्री वाचताना नको वाटेल.

पाच-सात मिनिटं एएनसी चालू ठेवा. काहींना कानात दडे बसल्यासारखं किंवा डोकं जड झाल्यासारखं वाटतं. हवेचा दाब खरोखर बदललेला नसतो, पण वाटणं खरं असतं. तसं झालं तर जोर कमी-जास्त करता येणारं मॉडेल निवडा.

शेवटी तीन छोट्या परीक्षा. टेबलफॅनसमोर उभं राहून एएनसी चालू ठेवा, वाऱ्याचा मुद्दा तिथेच कळतो. टाच जोरात आपटत चाला; काही बडमध्ये प्रत्येक पावलाला कानात ठोका पडतो आणि बस खड्ड्यातून गेली की हाच ठोका पडणार आहे. मग बाहेरचा आवाज मुद्दाम आत घेणारी सोय चालू करून विक्रेत्याशी बोला. ‘पुढील स्टेशन’ची घोषणा ऐकायला ती रोज लागते. तिचं बटण न बघता सापडायला हवं. खरं दाबता येणारं बटण असेल तर फारच उत्तम, कारण नुसत्या स्पर्शावर चालणारे बड गर्दीत कुणाचा हात लागला की गाणं बदलतात किंवा फोन उचलतात.

आवाज किती ठेवायचा: छोटा हिशेब

आरामाइतकंच एएनसी घेण्याचं खरं कारण इथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या मर्यादेनुसार मोठ्या माणसाने आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तासांपर्यंत ऐकावं. आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा होतो: ८३ वर २० तास, ८६ वर १० तास, ८९ वर ५ तास.

आता बदलापूरचा प्रवास घ्या. दिवसाला तीन तास, सहा दिवस, म्हणजे १८ तास. ८३ डेसिबलवर ऐकलं तर आठवडा जेमतेम बसतो. गडगडीवर मात करायला तुम्ही ८६ वर गेलात तर चौथ्या दिवशी सकाळीच कोटा संपतो. ८९ वर गेलात तर दुसऱ्याच दिवशी. साध्या इअरफोनने गर्दीच्या गाडीत लोक याच्याही वर जातात, आणि ते त्यांना मोठं वाटत नाही, कारण भोवतीचाही आवाज मोठा असतो. आयफोनच्या ‘हेल्थ’ ॲपमध्ये आठवड्याचा हा हिशेब आपोआप दिसतो, इतर कंपन्यांचे हेडफोन असतील तर अंदाजाने. दुसऱ्या फोनवर सोपी खूण अशी: घरी शांत खोलीत तुम्ही पॉडकास्ट कितव्या कांडीवर ऐकता ते पाहा आणि गाडीत कितव्यावर. हे अंतर जितकं कमी, तितकं हेडफोन तुमच्यासाठी योग्य.

एक निवड पूर्ण करून बघू

माझी एक मैत्रीण अंबरनाथहून फोर्टला येते. सकाळी साध्या लोकलच्या लेडीज डब्यात, ठाण्यापर्यंत उभी, पुढे नशीब असेल तर चौथी सीट. संध्याकाळी जमलं तर एसी लोकल. चष्मा, लहान कान, वर्षभर ओढणी किंवा स्टोल. ती मोठ्या हेडफोनांच्या मागे होती, कारण ऑफिसातल्या एकाचे लावून पाहिले आणि शांतता आवडली.

ते आधी बाद केले: सकाळी उभं राहून उकाड्यात, चष्म्यावरून, शक्यच नव्हतं. उरले नेकबँड आणि सुटे बड. ओढणीत नेकबँड अडकतो असा तिचा अनुभव होता, म्हणून बड. अंग मोठं असलेले दोन प्रकार कानाच्या खोलगट भागात दाबत होते. तिसरे देठाचे, म्हणजे कानाबाहेर काडी येणारे. त्यांचा कानातला भाग लहान असतो, ते बसले. डाव्या कानाला सर्वांत लहान टोक, उजव्याला मध्यम. पंख्यासमोर फडफड झाली, पण ती दाराशी उभी राहत नाही, तेव्हा ते सोडून दिलं. नियंत्रण देठ चिमटीत दाबून होतं, नुसत्या स्पर्शाने नाही. ओढणीमुळे हे महत्त्वाचं होतं. याहून जोरदार एएनसी असलेले बड तिथे होते. ते तिने घेतले नाहीत, कारण तासाभराने काढून ठेवावे लागणाऱ्या बडची एएनसी कितीही जोरदार असली तरी उरलेल्या प्रवासात तिच्या कामाची नव्हती. चढताना आणि उतरताना बड डबीत आणि डबी पर्सच्या चेनच्या कप्प्यात, एवढा नियम तिने स्वतःला घालून घेतलाय.

उरलेल्या गोष्टी

बॅटरीचे जाहिरातीतले तास बहुधा एएनसी बंद आणि आवाज मध्यम ठेवून मोजलेले असतात. एएनसी चालू असताना एका चार्जमध्ये पाच तास मिळाले तरी रोजच्या तीन तासांना पुरे. दोन वर्षांनी बॅटरी थकल्यावरही भागेल असा थोडा पैस त्यात हवा. सीएसएमटी किंवा दादरच्या गर्दीत आवाज तुटत असेल तर फोन मागच्या खिशातून छातीच्या किंवा खांद्यावरच्या बॅगेत आणा. ब्लूटूथची लहर माणसाच्या अंगात बरीच शोषली जाते आणि तिथे अंगांचीच भिंत असते. अँड्रॉइडवर एलडॅक हा जास्त डेटा पाठवणारा ब्लूटूथ कोडेक चालू असेल तर ब्लूटूथ सेटिंगमध्ये दर्जाऐवजी जोडणीला प्राधान्य देणारा पर्याय निवडा किंवा एएसी या हलक्या कोडेकवर या. गाडीच्या गोंगाटात दोन्हींतला फरक ऐकू येत नाही.

पावसाळ्यासाठी निदान आयपीएक्स ४ हवं. ते शिंतोडे आणि घाम झेलतं. पण हा दर्जा बडचा असतो, डबीचा सहसा नसतो, म्हणून ओले बड पुसल्याशिवाय डबीत ठेवू नका, चार्जिंगच्या पिनांवर गंज धरतो. टोकाच्या जाळीत मळ साचला की एका बाजूचा आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि लोक तो बड बिघडला म्हणून टाकून देतात. आठवड्यातून एकदा टोक काढून साबणाच्या पाण्याने धुवा, वाळवा, आणि बडची जाळी तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. टाचणी घालू नका, जाळी आत ढकलली जाते.